री, र आणि रेघ : पाच अक्षरी मराठी शब्दखेळातल्या खुणांच्या नियमाचं प्रकरण

उत्तर होतं 'उपकरण'. आठवीतल्या एका मुलीने 'कारभारीण' हा शब्द टाकला. दुसऱ्या घरातला 'र' पिवळा झाला, पाचव्या घरातला 'ण' हिरवा झाला आणि बाकीची तीन घरं राखाडी राहिली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "दादा, चौथ्या घरात री टाकली तर राखाडी आली. म्हंजे तिथं र नाहीच की. मग र पहिल्या नाही तर तिसऱ्या घरात असंल." पुढच्या सगळ्या खेपा तिने 'र' पहिल्या आणि तिसऱ्या घरात बसवण्यात घालवल्या. 'उपकरण'मधला 'र' मात्र चौथ्याच घरात होता.

तिचं तर्कशास्त्र चोख होतं. तेव्हाच्या नियमात जागा आणि व्यंजन बरोबर, पण मात्रा वेगळी असेल तर घर निळं व्हायचं. खेळाने दिलेल्या खुणांवरून कोणीही शहाणा माणूस तेच अनुमान काढेल. म्हणजे दोष खुणांच्या नियमात होता, आणि तो दुरुस्त कसा झाला त्याचीच ही नोंद आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अंबाजोगाईतल्या एका सार्वजनिक वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी रोज एक शब्दखेळ ठेवायचा होता. ग्रंथपाल ताई, मराठीचे एक निवृत्त सर आणि प्रोग्राम लिहिणारा मी, असे आम्ही तिघं. मूळ इंग्रजी खेळ, वर्डल, जॉश वॉर्डल यांनी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लोकांसाठी खुला केला आणि २०२२ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. पाच घरं, सहा खेपा. अक्षर जागेवर असेल तर हिरवं, शब्दात आहे पण दुसऱ्या जागी असेल तर पिवळं, नसेलच तर राखाडी. आम्हाला पाच घरं आणि सहा खेपा तशाच ठेवायच्या होत्या. प्रश्न एवढाच होता की घरात काय बसवायचं, आणि घर कधी कोणत्या रंगाचं करायचं.

घरात काय बसवायचं याचं उत्तर लवकर मिळालं. संगणक मराठी मजकूर साठवतो तेव्हा व्यंजन, काना, मात्रा, हलन्ताची खूण आणि अनुस्वार यांना स्वतंत्र क्रमांक देतो. या क्रमांकांना 'अक्षर' मानलं तर 'सरकार' हा पाच अक्षरी शब्द होतो (स, र, क, काना, र) आणि 'आज्ञा' हाही पाच अक्षरी होतो, कारण त्यात आ, ज, पाय मोडल्याची खूण, ञ आणि काना असे पाच क्रमांक आहेत. एका घरात नुसता काना आणि दुसऱ्यात नुसती मोडलेल्या पायाची खूण हे कोणत्याही मराठी वाचकाला पटणार नाही. सरांनी एका वाक्यात निकाल लावला, "पोरं फळ्यावर शब्द फोडून वाचतात तसाच तो फोडायचा." म्हणजे व्यंजन किंवा जोडाक्षर, त्याची मात्रा आणि त्यावरचा अनुस्वार मिळून एक घर. 'पर्यावरण' म्हणजे प, र्या, व, र, ण. 'गुंतवणूक' म्हणजे गुं, त, व, णू, क.

हे फोडण्याचं काम ब्राउझरमध्ये तयार मिळणाऱ्या `Intl.Segmenter` वर सोपवता येतं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्यात एक मेख आहे. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली, आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा फोन 'पर्यावरण'चे प, र्, या, व, र, ण असे सहा तुकडे करतो, तर नवा फोन पाच करतो. वाचनालयात येणाऱ्या मुलांच्या हातात घरातले जुने फोन असतात, आणि एकाच शब्दाची घरं दोन फोनवर वेगवेगळी झाली तर खेळच संपला. म्हणून फोडणी आपल्याच हाती ठेवली:

```js
const AKSHAR =
 /(?:[\u0915-\u0939]\u094D\u200D?)*[\u0915-\u0939][\u093E-\u094C]?[\u0901-\u0903]?|[\u0904-\u0914\u0972][\u0901-\u0903]?/g;
const phod = s => s.normalize("NFC").match(AKSHAR) || [];
```

पहिला भाग व्यंजनाच्या घरांसाठी आहे, दुसरा 'घरजावई'तल्या 'ई'सारख्या सुट्या स्वरांसाठी. याच्या आधी मजकूर एकसारखा करून घ्यावा लागतो, कारण दिसायला एकच असलेलं अक्षर दोन तऱ्हांनी टाइप झालेलं असतं. 'ऱ्य' कोणी ऱ वापरून टाइप करतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरून. 'बँक' कोणी चंद्रबिंदूने लिहितो, कोणी अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगळे देऊन. ॲ कोणी एका क्रमांकात टाइप करतो, कोणी अ वर अर्धचंद्र चढवून. या जोड्या एकाच रूपात आणल्या नाहीत तर शब्द डोळ्यांना बरोबर दिसतो आणि खेळ म्हणतो की हा शब्द यादीत नाही. अशी तक्रार आली की स्पेलिंग तपासत बसण्याआधी क्रमांक तपासावेत.

आता रंगांकडे येऊ, कारण खरं काम तिथेच होतं.

इंग्रजीत २६ अक्षरं आहेत. मराठीत ३४ व्यंजनं धरून बाराखडीच्या १२ रूपांनी गुणलं तरी ४०८ घरं होतात, आणि यात जोडाक्षरं अजून आलेलीच नाहीत. त्यामुळे 'पूर्ण अक्षर जुळलं तरच रंग' हा नियम जसाच्या तसा उचलला तर बहुतेक खेपा कोऱ्या जातात. उत्तर 'विमानतळ' आहे आणि मूल 'वाचनालय' टाकतं, असं समजा. वा आणि वि एकाच जागी, ना आणि न एकाच जागी. दोन घरांत व्यंजन अगदी बरोबर पकडलंय, तरी पूर्ण अक्षराच्या नियमात पाचही घरं राखाडी येतात. मुलाला वाटतं की या शब्दाशी आपलं काहीच जुळत नाही, आणि ते 'व' आणि 'न' दोन्ही सोडून देतं.

म्हणजे व्यंजन जुळल्याची काहीतरी वेगळी खूण हवी, इथपर्यंत आमचं एकमत होतं. मग ताईंनी विचारलं, व्यंजनाची खूण देता तर मात्रेचीही का नाही? विचार करण्यासारखा प्रश्न होता, म्हणून कागदावर करून पाहिलं. उत्तर 'समीकरण', अंदाज 'करमणूक'. मात्रा जुळवल्या तर पहिलं, तिसरं आणि पाचवं अशी तीन घरं जुळतात. का? तर तिन्ही ठिकाणी मात्राच नाही, नुसता अकार आहे. मराठी शब्दांत अकारान्त घरं इतकी जास्त असतात, आणि त्यांच्या पाठोपाठ काना, की 'मात्रा जुळली' ही खूण सतत पेटत राहते आणि तिच्यातून जवळपास काहीच कळत नाही. व्यंजनाचं तसं नाही. एखाद्या जागी 'म' आहे हे कळलं की बाकीची सगळी व्यंजनं एकदम बाद होतात. मात्रेची खूण आम्ही सोडून दिली.

व्यंजनाची खूण निळ्या रंगाने द्यायची असं ठरलं: जागा तीच, व्यंजन तेच, मात्रा किंवा अनुस्वार वेगळा. आता एका घराला एकाच वेळी अनेक रंग लागू होऊ शकतात, म्हणून रंगांचा क्रम लागतो. मूळ खेळात एक शिस्त आहे आणि ती महत्त्वाची आहे. उत्तरातलं प्रत्येक अक्षर फक्त एकदाच 'खर्च' होतं. उत्तरात एकच 'क' असेल आणि अंदाजात दोन असतील तर एकालाच रंग मिळतो, दुसरा राखाडी. म्हणूनच राखाडीवरून 'दुसरा क नाही' असं अनुमान काढता येतं. ही शिस्त निळ्यालाही लावायची असं आम्ही गृहीत धरलं, आणि 'कारभारीण'चा घोटाळा तिथून निघाला.

तो सावकाश पाहू. उत्तर उ, प, क, र, ण. अंदाज का, र, भा, री, ण. उत्तरात 'र' एकच आहे आणि अंदाजातली दोन घरं त्यावर हक्क सांगतात. दुसऱ्या घरातला 'र' म्हणतो, मी पूर्ण जुळतो, फक्त जागा चुकली, मला पिवळं करा. चौथ्या घरातली 'री' म्हणते, जागा माझीच आहे, फक्त मात्रा चुकली, मला निळं करा.

पिवळ्याला आधी मान दिला की 'र' खर्च होतो आणि 'री' राखाडी राहते. त्या मुलीला हेच दिसलं होतं. तिने काढलेलं अनुमान, चौथ्या घरात र नाही, खोटं ठरतं.

मग निळ्याला आधी मान द्यावा? तेव्हा 'री' निळी होते, 'र' तिच्यावर खर्च होतो आणि दुसऱ्या घरातला साधा 'र' राखाडी राहतो. आता खेळाडू म्हणतो की चौथ्या घरात र-चं काहीतरी आहे, पण साधा 'र' शब्दात नाही, म्हणजे रा, रे, रू यांपैकी काहीतरी असणार. 'उपकरण' त्याच्या मनातल्या यादीतून कायमचं बाहेर गेलं. हे पहिल्यापेक्षा वाईट आहे, कारण इथे उत्तराचंच अक्षर नाकारलं गेलं.

क्रम कसाही लावला तरी खोटं बोललं जात होतं, तेव्हा क्रमावर वाद घालणं आम्ही थांबवलं. सरांनी वहीत प्रत्येक रंगासमोर एक पूर्ण वाक्य लिहायला लावलं: हा रंग दिसला की खेळाडूने नेमकं काय खरं मानायचं? हिरवा, 'या घरात हेच अक्षर आहे.' पिवळा, 'हे अक्षर शब्दात आहे, पण या घरात नाही.' राखाडी, 'या खेपेत रंग मिळालेल्यांपलीकडे हे अक्षर शब्दात आणखी नाही.' निळा, 'या घरात या व्यंजनाचं दुसरं रूप आहे.'

वाक्यं एकाखाली एक आल्यावर फरक स्वच्छ दिसला. पहिली तीन वाक्यं पूर्ण अक्षराबद्दल आहेत, आणि पिवळा-राखाडी तर सरळ मोजणीच आहे: किती आहेत, किती उरले. चौथं वाक्य मोजणीचं नाहीच. ते फक्त एका घराबद्दल बोलतं. या घरात काय आहे हे सांगण्यासाठी कुठल्या अक्षराचा खर्च करायची गरजच नाही. 'र' शब्दात आहे हे खरं, आणि चौथ्या घरात र-चं रूप आहे हेही खरं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी बोलता येतात. आम्ही विनाकारण त्यांना एका रंगासाठी भांडायला लावलं होतं.

म्हणून निळा रंग गेला आणि त्याच्या जागी घराच्या तळाशी एक जाड रेघ आली. घराचा रंग पूर्ण अक्षराबद्दल बोलतो आणि मूळ खेळाच्याच शिस्तीने ठरतो. रेघ त्या जागेच्या व्यंजनाबद्दल बोलते आणि काहीही खर्च करत नाही. हिरव्या घराला रेघ लागत नाही. बाकी पिवळ्यालाही रेघ येऊ शकते आणि राखाडीलाही. नियम कोडमध्ये एवढाच आहे:

```js
function khuna(g, a) {
  const urle = {}, out = [];
  g.forEach((x, i) => {
    if (x === a[i]) out[i] = "hirva";
    else urle[a[i]] = (urle[a[i]] || 0) + 1;
  });
  g.forEach((x, i) => {
    if (out[i]) return;
    out[i] = urle[x] > 0 ? (urle[x]--, "pivla") : "rakhadi";
    if (samanVyanjan(x, a[i])) out[i] += " regh";
  });
  return out;
}
```

आता तोच डाव पुन्हा मांडू. 'कारभारीण' टाकल्यावर: का राखाडी, र पिवळा, भा राखाडी, री राखाडी पण खाली रेघ, ण हिरवा. खेळाडू वाचतो: 'र' आहे, दुसऱ्या घरात नाही. 'री' नाही, पण चौथ्या घरात र-चं रूप आहे. दोन्ही जोडलं की चौथ्या घरात 'र' हा पहिला संशय येतो, आणि तो बरोबर आहे.

रेघ जिथे नाही तिथेही माहिती आहे, आणि ती मुलांना आमच्या अपेक्षेपेक्षा लवकर समजली. पिवळ्या 'र'खाली रेघ नाही, म्हणजे दुसऱ्या घरात 'र' असलेलं जोडाक्षरही नाही. त्यामुळे 'पर्यावरण' (दुसरं घर र्या) आणि 'वर्गीकरण' (दुसरं घर र्गी) दोन्ही बाद. 'का' राखाडी, म्हणून 'राजकारण' बाद. उरतात ते उपकरण, अनुकरण, समीकरण, नामकरण, शुद्धीकरण, उदाहरण, अपहरण, वातावरण असे शब्द. मुलीने पुढच्या डावात, याच खुणा दिल्यावर, 'अनुकरण' टाकलं. अ आणि नु राखाडी, क हिरवा. एका झटक्यात 'उदाहरण', 'अपहरण', 'वातावरण' गेले. मग 'समीकरण'. 'मी'खाली रेघ आली नाही, म्हणून दुसऱ्या घरात 'म' असलेलं 'नामकरण'ही गेलं. उरले 'उपकरण' आणि 'शुद्धीकरण', आणि हातात तीन खेपा. या खेळात जी गंमत असायला हवी, खुणा एकमेकींना धरून ओळीने उलगडत जाण्याची, ती इथे पहिल्यांदा दिसली.

एका डावात नियम चालला म्हणजे तो सगळीकडे चालेल असं नाही. तपासणीची पद्धत इथे सविस्तर सांगतो, कारण तीत एक फसवी वाट आहे. सहज सुचणारी तपासणी अशी: यादीतला प्रत्येक शब्द उत्तर माना, प्रत्येक शब्द अंदाज माना, खुणा काढा, आणि 'त्याच खुणा देणारे' शब्द शिल्लक ठेवा. उत्तर शिल्लक राहिलं की नियम पास. ही तपासणी कधीच नापास होत नाही. नियम कितीही खोटारडा असला तरी उत्तर स्वतःशी तर जुळणारच, कारण दोन्हीकडे तोच प्रोग्राम वापरलाय. जुना, पिवळ्याला आधी मान देणारा नियमही यात निर्धास्त पास होतो.

खरी तपासणी म्हणजे वहीतली वाक्यं वेगळी लिहून काढायची, खेळाडूच्या बाजूने, खुणा काढणाऱ्या प्रोग्रामकडे न बघता. 'राखाडी आहे आणि रेघ नाही, तर या घरात हे व्यंजन नसलं पाहिजे' हे एक वाक्य. 'या अक्षराची हिरवी आणि पिवळी घरं मिळून जितकी, निदान तितकी ती उत्तरात असली पाहिजेत' हे दुसरं. मग प्रत्येक जोडीसाठी विचारायचं की उत्तर या सगळ्या वाक्यांच्या चाळणीतून गळतं का. हजार शब्दांच्या यादीत दहा लाख जोड्या होतात, आणि संगणकाला त्याचं काही ओझं नाही. जुना नियम 'उपकरण' आणि 'कारभारीण'च्या जोडीवर इथे लगेच पकडला जातो. नव्या नियमात उत्तर कुठेच गळलं नाही, आणि गळणार नव्हतंच, कारण रेघ आणि रंग यांचा आता एकमेकांवर परिणामच होत नाही. तरीही तपासणी ठेवली. यादीत नवा शब्द आला किंवा व्यंजनांची व्याख्या बदलली की ती पुन्हा चालते.

व्यंजनांची व्याख्या, म्हणजे `samanVyanjan`, हाच पुढचा वादाचा विषय होता. जोडाक्षरात व्यंजन कोणतं धरायचं? पहिलं? शेवटचं? रफाराचा र उच्चारात आधी येतो आणि दिसतो मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'प्र'मधला र शेवटी आहे. मुलांना दोन्हीकडे 'र' दिसतो आणि ऐकूही येतो. म्हणून नियम उदार ठेवला: दोन्ही घरांत एक जरी व्यंजन समान असलं तरी रेघ. अपवाद दोन, 'क्ष' आणि 'ज्ञ'. संगणकासाठी ज्ञ म्हणजे ज आणि ञ. पण आपण तो 'द्न्य' असा म्हणतो, त्यात ज ऐकू येतच नाही. उत्तर 'अज्ञातवास' असताना कोणी 'बाजारहाट' टाकलं, तर दुसऱ्या घरातल्या 'जा'खाली रेघ यायची. संगणकाच्या हिशेबाने ती खरी आणि कानाच्या हिशेबाने खोटी. मुलं वर्णमाला म्हणतात तेव्हा 'क्ष' आणि 'ज्ञ' स्वतंत्र म्हणूनच म्हणतात. आम्हीही ते स्वतंत्र व्यंजनासारखे धरले.

सुट्या स्वरांत अ-आ, इ-ई आणि उ-ऊ या जोड्यांना आणि त्यांच्या अनुस्वाराच्या रूपांना एकमेकांसाठी रेघ मिळते. सुटा 'ई' आणि 'वी'तली वेलांटी यांचा मात्र संबंध लावला नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न खुणांशी जोडू नये, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे बीड जिल्ह्यातल्या पोराला 'ऊसतोडणी' सुचणं अगदी साहजिक आहे, आणि ते ती 'उसतोडणी' अशी टाइप करणं त्याहून साहजिक. त्याला 'हा शब्द यादीत नाही' एवढंच सांगणं कोरडं आहे आणि खेप खाणं अन्यायाचं. म्हणून खेळ यादीतलं रूप दाखवतो, 'ऊसतोडणी असं लिहा', आणि खेप मोजत नाही. हे रूप शब्दांच्या यादीतून येतं, उत्तराकडे बघून नव्हे. त्यामुळे यातून उत्तराची कोणतीही खूण फुटत नाही.

यादीबद्दल दोनच गोष्टी. विभक्तीची रूपं घेतली नाहीत. 'शेतकऱ्यांना' पाच अक्षरी भरतं, पण ला, ना, नी, चा शेवटच्या घरात चालू दिले की ते घर फुकटात तपासून होतं आणि शब्द ओळखण्याचा खेळ प्रत्यय चाळण्याचा होतो. आणि पाच अक्षरी मराठी शब्द कुळाकुळाने येतात: करण, वणूक, दार. 'मिरवणूक' पहिल्या खेपेला लागलं आणि शेवटची तीन घरं हिरवी झाली की फसवणूक, गुंतवणूक, पिळवणूक, अडवणूक, सोडवणूक, शिकवणूक असे सहा उमेदवार उभे राहतात, खेपा पाचच. रेघेची इथे थोडीच मदत होते, कारण या शब्दांची पहिली दोन घरं एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. खेळाडूने एक खेप मुद्दाम कुळाबाहेरच्या शब्दावर घालवावी लागते. ते कौशल्य मुलांनी शिकावं असं वाटलं, म्हणून ही कुळं काढून टाकली नाहीत. एकाच कुळातले शब्द लागोपाठच्या दिवशी येणार नाहीत एवढं पाहिलं.

एक मागणी मात्र आम्ही नाकारली, आणि ती सगळ्यात जास्त वेळा आली. 'कारभारीण'च्या डावात 'का' राखाडी आणि बिनरेघेची राहते, पण उत्तरात तिसऱ्या घरात 'क' आहे. "क तर हाय की शब्दात, मग सांगत का नाही?" व्यंजन आहे पण दुसऱ्या जागी, यासाठी तुटक रेघ द्यावी असा आग्रह होता. ती देता येते. पण 'दुसऱ्या जागी आहे' म्हटलं की पुन्हा मोजणी आली: किती क, त्यातले पूर्ण जुळलेले किती, उरलेल्यांपैकी कोणता कोणाच्या नावावर टाकायचा. समजा तुटक रेघही खर्च करत नाही असं ठरवलं, तर पिवळा 'र' आणि तुटक रेघेची 'रा' उत्तरातल्या एकाच 'र'कडे बोट दाखवतात आणि खेळाडू दोन र शोधत बसतो. खर्च करते असं ठरवलं, तर 'री' आणि 'र'चं भांडण दुसऱ्या दाराने परत आत येतं. वहीत त्या खुणेसमोर एक सरळ, खरं वाक्य लिहिता येईना. आठवीतल्या मुलाला एका दमात सांगता न येणारी खूण खेळात नको, यावर आम्ही थांबलो.

याचा परिणाम पडद्यावरच्या कळफलकावर होतो. इंग्रजी खेळात राखाडी झालेलं अक्षर कळफलकावरही काळवंडतं आणि खेळाडू ते विसरून जाऊ शकतो. आमच्याकडे 'का' राखाडी झाली म्हणून 'क'ची कळ काळी करता येत नाही. 'क', 'की', 'के' अजून जिवंत असतात. 'क'ची कळ तेव्हाच काळी होते जेव्हा पाचही घरांत क-चं रूप नसल्याचं खुणांवरून सिद्ध झालेलं असतं, आणि सहा खेपांत ते क्वचितच घडतं. म्हणून कळ दाबून धरली की तिच्या बाराखडीची पट्टी उघडते, आणि त्यात आतापर्यंत टाकून पाहिलेली रूपं आपापल्या रंगात दिसतात. व्यंजन कोणकोणत्या घरांतून बाद झालंय ते कळेच्या खाली पाच बारीक ठिपक्यांनी दाखवलंय. लहान पडद्याच्या फोनवर हे ठिपके नीट दिसत नाहीत. तिथे मुलं कागद-पेन घेऊन बसतात आणि पाच घरांखाली बाद झालेली व्यंजनं लिहीत जातात.